आधी मला सांगशील?

रविवारी गंगापूर रोडला मिसळ खायला आम्ही तिघं जायचो. मी, नवरा आणि कॉलेजात ज्या मुलीशी त्याचं लग्न ठरता ठरता राहिलं ती. ती मला वहिनी म्हणते. नवऱ्याच्या ताटातला पापड न विचारता उचलते, आणि तोही आपली जिलबी तिच्याकडे सरकवतो. यावर मी इतके विनोद केलेत की आमच्या सोसायटीत तिचं नावच 'पापडवाली' पडलंय. विनोद करताना मला मजाच यायची, खोटं कशाला बोलू.

त्या रविवारी रस्सा वाढून घेत ती त्याला म्हणाली, "गाठीचा रिपोर्ट कधी येणार रे?"

"कसली गाठ?" मी विचारलं.

तो पाव मोडत राहिला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

घरी आल्यावर बाथरूमच्या आरशासमोर मी तालीम केली. 'तुझं तिच्याशी काय चाललंय?' आवाज उत्तम लागला होता, नाटकात टाळ्या मिळाल्या असत्या. पण त्यावर तो फक्त 'काही नाही' म्हणाला असता, आणि ते खरंच होतं. 'तू नेहमी तिलाच सांगतोस' यात 'नेहमी' आला की तो अपवाद मोजत बसणार. शेवटी काय घडलं, मला काय झालं आणि काय हवंय, एवढंच उरलं. मग त्यात टाळी घेण्यासारखं काही राहिलं नाही.

संध्याकाळी भाजी घेऊन परतताना गाडीत बोलले. समोरासमोर बसावं लागत नाही म्हणून.

"तिच्याशी मैत्री तोड, असं मी म्हणत नाहीये. तुझ्या गाठीचं मला तिच्याकडून कळलं. त्या टेबलावर मी पाहुणी असल्यासारखं वाटलं. अशी गोष्ट आधी मला सांगशील?"

सिग्नल सुटला, तरी त्याने गाडी काढली नाही. मागच्या रिक्षाने हॉर्न दिला.

"तुला सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर तू माझी नक्कल करून दाखवली असतीस. सोनोग्राफीच्या टेबलावर मी कसा झोपलो ती. हसलो असतो मीसुद्धा. पण मला घाबरायचं होतं गं. तिच्यासमोर घाबरता येतं."

माझ्याकडे उत्तर तयार होतं, चांगलं खमंग. मी कोथिंबिरीची जुडी मांडीवर घेऊन बसले.

"माझ्यासमोरही घाबर," मी म्हटलं. "मी काही करून दाखवणार नाही."

गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला.

"रिपोर्ट चांगला नाही," तो म्हणाला.

"तिला सांगितलंस?"

"नाही. आधी तुला."

जे मागितलं होतं ते मिळालं होतं. तो रडत होता. मी फोन कानाला लावून स्वयंपाकघरात उभी राहिले.

थोड्या वेळाने मीच म्हटलं, "आता तिलाही सांग."