एका दमातला तांब्या

आमच्या मोठ्या जाऊबाईंना गल्लीत सगळे भोंगा म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि त्याही ओ देतात. भाजीची हातगाडी ढकलत त्या "कांदे घ्या, कोबी घ्या" अशी हाक मारायच्या, तेव्हा माझ्या शिवणाच्या मशीनचा खडखडाटसुद्धा ऐकू येईनासा व्हायचा. मी खिडकीतून म्हणायचे, "ताई, भाजी विकताय का भांडताय?" त्या म्हणायच्या, "तुला काय कळतंय, तू कापडाशी बोलतेस." असं आमचं रोजचं चालायचं.

त्यांचे यजमान, म्हणजे माझे मोठे दीर, रंगारी. मी त्यांना भावजी म्हणते. माणूस असा अबोल की घरात आहे का नाही ते चपला बघून ठरवावं लागायचं. संध्याकाळी ताई रिकामी गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी आल्या की तिथूनच ओरडायच्या, "आले हो, आधण ठेवा." भावजी मुकाट्याने उठून चहाचं पाणी गॅसवर ठेवायचे. लग्न झाल्यापासून हा नेम कधी चुकला नव्हता.

मग भावजी रंग देताना परांचीवरून पडले. डोक्याला मार लागला, ऑपरेशन झालं, घशात नळी घातली, ती पुढे काढली, तरी माणूस काही जागा होईना. डोळे मिटलेले, तोंड उघडं, नाकातल्या नळीतून अन्न. डॉक्टरांनी ताईंना जवळ बोलावून सांगितलं, "तुम्ही बोललात की यांच्या पापण्या हलतात. दुसऱ्या कुणाच्या आवाजाला हलत नाहीत. बोलत राहा." त्या दिवसापासून ताई खाटेजवळ बसून बोलायला लागल्या. भाजीचे भाव, शेजाऱ्यांच्या कागाळ्या, काय वाटेल ते.

पण आमच्या सासूबाईंनी त्यांना उपासही सांगितला होता. एक दिवसाआड, सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत, पाण्याचा थेंब नाही. भावजी लहानपणी तापाने फणफणले होते तेव्हा आईंनी हाच उपास केला होता आणि पोर वाचलं होतं. त्यामुळे त्यांच्यापुढे कुणाची काय टाप. वर सोडायचा नियमही ठरलेला, थंडगार पाण्याचा भरला तांब्या, एका दमात, मध्ये न थांबता. थांबलात तर उपास फुकट.

मी चिडून म्हटलं, "आई, दिवसभर बोलायचं आणि पाणी प्यायचं नाही, हे जमायचं कसं?" आई म्हणाल्या, "तिचा नवरा आहे, तिचं ती बघेल." ताई तर आईंच्याही पुढे. म्हणाल्या, "माझ्याकडे द्यायला दुसरं काय आहे गं?" मी कपाळावर हात मारून घेतला.

आधी ताईंचा आवाज बसला, मग चिरका झाला. जीभ टाळूला चिकटून बोलताना टक टक वाजायची. ओठांना भेगा पडल्या. थुंकी गिळायची तर थुंकीच नव्हती. दर दोन वाक्यांनी त्या घसा खाकरायच्या आणि खाकरून तो आणखी सोलवटायचा. मला रागही यायचा आणि रडूही यायचं.

अशातच सिस्टरने सांगितलं की उद्या सकाळी मोठे डॉक्टर तपासायला येणार आहेत. हाकेला पेशंटने थोडी जरी दाद दिली तर त्याला पुढच्या उपचारांच्या वॉर्डात घेतील. नाहीतर आहे तसा घरी न्यावा लागेल, खाट दुसऱ्या कुणाला तरी लागणार आहे. आमच्या दीड खोलीत नाकातली नळी घेऊन भावजी किती दिवस काढणार होते, ते न बोलता सगळ्यांना कळलं.

त्या दिवशी सकाळीच ताईंचा आदल्या दिवसाचा उपास सुटायचा होता. आईंनी व्हरांड्यातल्या कूलरचं पाणी तांब्यात भरून आणलं. ताईंनी डोळे मिटले, तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा प्यायला लागल्या. अर्ध्यावर ठसका लागला. पाणी नाकातून आलं, तरी बाई तांब्या सोडेना. शेवटी रिकामा केला आणि लगेच भिंतीला धरून सगळं ओकून टाकलं. वर मी शहाणीने घशाला शेक मिळेल म्हणून कडकडीत चहा पाजला आणि कोरडं टोस्ट दिलं. टोस्ट घशात अडकलं, चहाने पोळलं. ताईंनी बोलायला तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली.

आई ओकारीकडे बघत म्हणाल्या, "पाणी पोटात राहिलं नाही. उपास सुटलाच नाही म्हणायचा. आज परत धरावा लागेल."

मला वाटलं ताई आता तरी हात जोडतील. त्यांनी मान हलवली, हो म्हणून.

मी खूप बोलले. नको ते बोलले. "भावजी घरी आल्यावर त्यांच्या शेजारी दुसरी खाट टाकू का?" असंही बोलले. आईंनी पदर डोळ्यांना लावला आणि तोंड फिरवलं. ताईंनी माझा हात दाबला, गप्प बस म्हणून, आणि जाऊन खाटेजवळ बसल्या. भावजींच्या कानाशी ओठ हलवत राहिल्या. आवाज नव्हता, आणि भावजींच्या पापण्या काही हलल्या नाहीत. तो अख्खा वेळ मी त्या पापण्यांकडे बघत होते. माझा धीर पार सुटला होता.

दुपारी ताई उठायला गेल्या आणि तोल जाऊन स्टुलावर आपटल्या. सकाळपासून लघवीलाही गेल्या नव्हत्या. तेव्हाच सिस्टर भावजींचं तोंड ओलं करायला आली होती. काडीच्या टोकाला लावलेला स्पंज तिने पाण्यात बुडवला, पिळला, भावजींच्या ओठांवरून, हिरड्यांवरून, जिभेवरून हलकेच फिरवला. आई शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "एवढ्याशाने काय होणार? घोटभर तरी पाजा."

सिस्टर म्हणाली, "आजी, घोट पाजला तर फुप्फुसात जाईल. इतके दिवस कोरडा पडलेला घसा आहे, त्याला एकदम गिळता येत नाही. आधी ओठ, मग जीभ. पुढे चमचा."

मी ताईंकडे बोट दाखवलं. "आणि हा घसा? तो कुणाचा आहे? मुलाला थेंब थेंब आणि सुनेला तांब्या?"

आई भावजींच्या ओल्या ओठांकडे बघत, मला नव्हे, स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, "मला तेव्हा घाई होती. पोर रडत होतं. बसून प्यायला वेळ कुठला, म्हणून एका दमात प्याले." मग म्हणाल्या, "तसं कुणी सांगितलं नव्हतं मला."

मला त्यांचा इतका राग आला आणि त्याच क्षणी इतकी कीव आली की काय करावं कळेना.

सिस्टरने ताईंना खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाडी बघितली, रक्तदाब बघितला. ताईंनाच सरळ सांगितलं, "उपास आत्ता सोडायचा. थोडं थोडं पाणी पोटात राहिलं तर बरं. नाही राहिलं, किंवा संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही, तर सलाईन लावू." आवाजाचं विचारलं तर म्हणाले, "प्यालेलं पाणी आवाजाच्या पडद्यांवरून जात नाही. आधी अंगात मुरेल, मग तिथे ओल पोचेल. वेळ द्या. आज बोलू नका, कुजबुजूही नका, त्यानेही ताण येतो. खाकरू नका, खवखवलं तर आवंढा गिळा."

ताईंनी आईंकडे बघितलं. चमचा आईंनीच उचलला.

आधी ओल्या कापडाने त्यांनी सुनेचे भेगाळलेले ओठ टिपले. मग कूलरचं नाही, साधं पाणी, अर्धा चमचा. ताईंनी ते तोंडात फिरवलं, जीभ भिजली तसं हळूच गिळलं. आई थांबल्या. पुन्हा चमचा. मधूनच ताईंनी अधाशासारखा पेल्याला हात घातला तर आईंनी तो बाजूला ठेवला. पाणी पोटात राहतंय असं दिसल्यावर सिस्टरने दिलेल्या पुडीचं मीठसाखरेचं पाणी, घोट घोट. मी घरून भाताचं पातळ, कोमट पाणी करून आणलं, तिखट नाही, आंबट नाही. एका पातेल्यात गरम पाणी ठेवून ताईंना लांबूनच वाफ घ्यायला बसवलं. ओठांना व्हॅसलीन लावलं. तासाभराने ताई उठून बाथरूमला जाऊन आल्या, तेव्हा मी आणि आई एकमेकींकडे बघून हसलो. असल्या गोष्टीचा कधी आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

पण आवाज नव्हता तो नव्हताच. भोंगा मुकी होऊन खाटेजवळ बसून होती, भावजींचा हात हातात धरून. उद्या सकाळी आवाज येईल का, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

सकाळी मोठे डॉक्टर आले. त्यांनी भावजींना मोठ्याने हाक मारली. काही नाही. छातीवर बोटांनी दाबलं, भावजींनी नुसती कपाळाला आठी घातली. सोबतचे डॉक्टर कागदावर लिहायला लागले. मी म्हटलं, "साहेब, थांबा. यांना एकदा बोलू द्या."

ताई वाकल्या. घोटभर पाणी पिऊन घसा ओला केला. डॉक्टरांनी ताण द्यायचा नाही म्हणून बजावलं होतं, म्हणून अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारी ती बाई आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलली. आवाज फाटका, जाडाभरडा, पण आवाज होता.

"आले हो. आधण ठेवा."

पापण्या हलल्या. ताईंनी परत म्हटलं. भावजींनी डोळे उघडले आणि उजवा हात चादरीवरून उचलला, उठायचं असल्यासारखा. लिहिणारे डॉक्टर थांबले. मी तोंडात पदर कोंबला. भावजींचे ओठ हलले. घसा कोरडा ठणठणीत, शब्द निघता निघेना.

"पाणी."

आईंचा हात सवयीने तांब्याकडे गेला. ताईंनी तो वरच्यावर धरला आणि स्पंजची काडी उचलली.

"हळू, आई. आधी ओठ."