विसाचा कट्टा

युद्धाच्या काळात आमच्या निपाणीच्या कारखान्याने विड्यांचा कट्टा, म्हणजे बंडल, पंचविसाऐवजी विसाचा केला. किंमत तीच, म्हणजे विडी महागली. हे दुकानदारांना सांगत फिरणं माझं काम होतं. कोगनोळीला एक विधवा आक्का दुकान चालवत. त्या म्हणाल्या, "उरलेल्या पाच तू वढलास व्हय रं?" मी शरमलो आणि घाईने निघालो. वेष्टणाचा कागदही पातळ झालाय, कट्टे उघड्या फळीवर न ठेवता पत्र्याच्या डब्यात ठेवा, हे सांगायचं राहिलं. पावसाळ्यात त्यांचा सगळा माल बुरसला. पुढच्या फेरीला आक्का म्हणाल्या, "माझंच चुकलं, बाबा. नीट ठेवला न्हाय मी." कागदाचं मी तेव्हाही सांगितलं नाही. त्या नुकसानीत बंद पडलेलं त्यांचं दुकान पुन्हा उघडलं नाही.