दोंडाईचा, जि. धुळे, पिन ४२५४०८

टिश्यू कल्चर केळीच्या रोपांच्या नर्सरीत मी बावीस वर्षं माल पाठवण्याचं काम पाहतो. नर्सरी जळगावच्या बाहेर, ऑफिस जळगावात, आणि ऑफिसातला सगळ्यात जाणकार माणूस म्हणजे मी. हे मी स्वतःच ठरवलेलं आहे. दुसऱ्या कोणी ठरवायची वाट पाहिली असती तर अजून पाहतच बसलो असतो.

आमच्याकडे दीड-दोन हजार शेतकऱ्यांचा पत्ता आहे. 'पत्ते' म्हणायला जीभ धजत नाही, कारण एका माणसाचं गाव, गल्ली, तालुका, जिल्हा, पिन, सगळं एकाच चौकटीत कोंबलेलं असायचं. जो जो ऑपरेटर आला त्याने आपल्या स्वभावाप्रमाणे टायपिंग केलं. एकाने प्रत्येक शब्दानंतर स्वल्पविराम दिला, दुसऱ्याला स्वल्पविराम माहीतच नव्हता. एक पत्ता असा होता: 'मु.पो. सावदा ता. रावेर जि. जळगाव केळीच्या वखारीसमोर विचारणे'. काय विचारणे, ते लिहिलेलं नव्हतं.

इतकी वर्षं काही अडलं नाही. ड्रायव्हर फोन करायचा, शेतकरी म्हणायचा फाट्यावर थांबा, रोपं पोचायची. पण मे महिन्यात नव्या ट्रान्सपोर्टवाल्याने कळवलं की त्यांचं मशीन आता गाड्यांचे मार्ग लावतं, आणि मशीनला पत्ता चार कॉलममध्ये हवा: रस्ता, वस्ती, शहर, पिन. यादी तपासून झाल्याशिवाय जूनची एकही गाडी भरणार नाही. रोपं पिशव्यांत वाट पाहत बसत नाहीत, हे त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी मशीनला सांगा म्हटलं.

ही यादी करायची होती आमच्या ताईंनी. ताई म्हणजे आमच्या ऑपरेटर, रोज यावलहून एस्टीने येणाऱ्या, दोन वर्षं 'तात्पुरत्या' म्हणून कायमच्या बसलेल्या. मालक नानांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून माझ्यादेखत सांगितलं, "यादी बिनचूक गेली आणि पहिली फेरी नीट झाली, तर पुढच्या महिन्यापासून तुम्ही पर्मनंट. नाही तर जावईबापू म्हणतात पुण्याहून सगळं ऑनलाइन होतं. मग इथे खुर्ची कशाला अडवायची."

जावईबापू पुण्यात संगणकातलं काहीतरी मोठं करतात. नेमकं काय, हे विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. घरात म्हणजे ऑफिसात. खानदेशात जावई आला की ऑफिसचंही घर होतं. ते त्याच रविवारी सासुरवाडीला आले, भरीत-पुरी खाल्ली आणि यादी मागवली. मला आणि ताईंनाही सुट्टीच्या दिवशी बोलावलं गेलं. प्रेक्षक लागतात.

"दहा मिनिटांचं काम आहे," ते म्हणाले. "टेक्स्ट टू कॉलम्स. स्वल्पविराम दिसला की तोड."

त्यांनी तोडलं. संगणकाने विचारलं की उजवीकडच्या कॉलममध्ये आधीच माहिती आहे, तिच्यावर लिहू का. जावईबापूंनी ओके दाबलं. उजवीकडच्या कॉलममध्ये शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर होते. त्या जागी आता कुठे 'ता. रावेर' आणि कुठे 'जि. जळगाव' बसलेले दिसत होते. ज्यांच्या पत्त्यात स्वल्पविराम नव्हता, त्यांचा अख्खा संसार 'रस्ता' या कॉलममध्ये होता.

मी अतिशय आदराने म्हणालो, "दहा मिनिटंही लागली नाहीत."

जावईबापूंनी दुसरा उपाय काढला. शहरांच्या यादीतलं जे नाव पत्त्यात आधी सापडेल ते शहर. सूत्र लिहिलं, खाली ओढलं, आणि अमळनेरचे निम्मे शेतकरी धुळ्याला राहायला गेले. आमच्याकडे प्रत्येक गाव आपल्या रस्त्याला शेजारच्या गावाचं नाव देतं. अमळनेरला धुळे रोड, यावलला चोपडा रोड, सावद्याला भुसावळ रोड. आपल्या गावाचं नाव आपल्याच रस्त्याला द्यायला कोणाला सवड नाही.

"पत्तेच चुकीचे लिहिलेत लोकांनी," जावईबापू म्हणाले.

"हो ना," नाना म्हणाले. जावई चुकला असं म्हणता येत नाही, म्हणून दीड हजार शेतकरी चुकले.

सोमवारी ताईंनी आधी काढून ठेवलेली प्रत उघडली. मोबाइल नंबर जागच्या जागी होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "शनिवारीच काढली होती. जावई येणार म्हणून कळलं तेव्हा."

मग त्यांनी जे केलं ते मी खुर्ची ओढून शेजारी बसून पाहिलं, कारण मला वाटलं माझ्याशिवाय ते होणारच नाही. मूळ पत्त्याच्या कॉलमला त्यांनी हातच लावला नाही. शेजारी रिकामे कॉलम घातले. डावीकडून नाही, उजवीकडून सुरुवात केली, कारण पत्ता सुरू कसाही होवो, संपतो बहुतेक पिनवर. आधी फालतू मोकळ्या जागा काढल्या, शेवटचे पूर्णविराम काढले, '४२५ ५०२' असे मध्ये फट पडलेले आकडे जोडले, आणि मग शेवटचे सहा आकडे उचलले. ज्यांचे सहा आकडे आले नाहीत ते पुढच्या फेऱ्यांसाठी वेगळे काढले. तिथे कोणी पिनऐवजी मोबाइल नंबर लिहिला होता, कोणी काहीच नाही. मग 'जि.' आणि 'ता.' नंतरची नावं वेगळ्या कॉलममध्ये बाजूला ठेवली, म्हणजे 'जि. जळगाव' पाहून सावदा जळगावात जाणार नाही. 'मु.पो.' नंतरचं गाव ते शहर. उरलेल्यात 'रोड' किंवा 'गल्ली' असलेला तुकडा रस्ता, बाकी वस्ती. जे सूत्राला जमत नव्हतं ते त्या वाचून हाताने लिहीत. वखारीसमोर विचारणे, हे वस्तीत गेलं.

दोन दिवस असं चाललं. मी चहा मागवत होतो आणि भूगोल सांगत होतो.

तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "भाऊ, पोस्टाची पिनची यादी मिळते. तिच्याशी ताडून बघते एकदा. अर्धा दिवस जाईल."

इथे माझा प्रवेश झाला. मी पाय पसरून म्हणालो, "पोस्टाची यादी कशाला? मी बसलोय ना. ४२४ म्हणजे धुळे जिल्हा, ४२५ म्हणजे जळगाव जिल्हा. डोळे मिटून."

"नक्की?"

"ताई, मी तुमच्या वयाचा होतो तेव्हापासून चलनं लिहितोय."

त्यांनी जिल्हा आणि पिनचे पहिले तीन आकडे शेजारी ठेवून तपासलं. साठ-पासष्ट ओळी लाल झाल्या. दोंडाईचा, जि. धुळे, पिन ४२५४०८. शिरपूर, जि. धुळे, तेही ४२५. चाळीसगाव आणि पाचोरा, जि. जळगाव, पण पिन ४२४.

"इतके सगळे एकसारखे चुकतील का?" ताईंनी विचारलं.

"लोक पिन आठवणीने लिहितात. तीन आकडे बदलून टाका."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि बदलले. यादी गेली.

दोन दिवसांनी ट्रान्सपोर्टवाल्याकडून ती परत आली. पाठवलेल्यांतल्या बाकी सगळ्या ओळी पास. बरोब्बर त्या साठ-पासष्ट ओळींपुढे शेरा: शहर आणि पिन जुळत नाही. पहिल्या फेरीच्या गाड्या परवा भरायच्या होत्या.

आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. नाना कागद हातात धरून होते, आणि समोर फोनच्या स्पीकरवर जावईबापू. "मी म्हटलंच होतं," स्पीकर म्हणाला. "पुण्याला द्या."

नाना ऑफिसात मराठी बोलतात. रागावले की गावाकडचे होतात, अहिराणीत शिरतात. "हाई कोनं काम शे?" त्यांनी विचारलं, म्हणजे हे काम कोणाचं. मग कागदावर बोट ठेवलं. "हा पत्ता माझ्या बहिणीचा आहे. दोंडाईचाला. मी शाळेत होतो तेव्हापासून पाकिटावर ४२५४०८ लिहितोय. तो ४२४ कोणी केला?"

ताई कागदाकडे पाहत होत्या, माझ्याकडे नाही. नाव घेतलं असतं तर सुटल्या असत्या, आणि घेणार नव्हत्या हे मला त्याच वेळी कळलं.

आता इथे मला म्हणता यायला हवं की मी तत्काळ पुढे झालो. मी चहा प्यायलो. अर्धा कप, अगदी सावकाश, जणू त्यात साखर किती आहे याची चौकशी चालू आहे. मनात हिशेब असा की बावीस वर्षांच्या माणसाला कोणी काढत नाही, आणि दोन वर्षांच्या तात्पुरत्या बाईला काढायला कागदही लागत नाही. हे कळल्यावर तो चहा पुढे जाईना.

"मी केला," मी म्हणालो. "४२४ धुळे आणि ४२५ जळगाव, हे मी सांगितलं. त्या पोस्टाच्या यादीशी ताडून बघणार होत्या. मी म्हटलं मी बसलोय ना."

"तुम्ही?" नाना म्हणाले. "बावीस वर्षं चलनं लिहिता ना?"

"गावं लिहितो. पिन ड्रायव्हर बघत नाही."

"पिन पोस्टाच्या सोयीने असतो, भाऊ. जिल्ह्याच्या नाही."

"आता माहीत झालं."

स्पीकर खाकरला. "मामा, बघा, म्हणूनच प्रोफेशनल लोक..."

"जावईबापू," नाना फार गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही जेवून घ्या." आणि फोन ठेवला. जावयाला इतकं कडक बोललेलं मी आमच्या ऑफिसात प्रथमच ऐकलं.

"किती वेळ लागेल?" त्यांनी ताईंना विचारलं.

"मूळ पत्ता तसाच आहे. पिन पुन्हा तिथूनच उचलते. पंधरा मिनिटं. मग पोस्टाच्या यादीशी ताडते, अर्धा दिवस."

"ताडा."

संध्याकाळच्या आत यादी गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पास होऊन आली. गाड्या भरल्या. दोंडाईचाची गाडी दोंडाईचाला गेली. नानांच्या बहिणीने रोपं उतरवून घेतल्याचा फोन स्वतः केला आणि भावाची चौकशी अजिबात केली नाही.

ताईंचं पर्मनंट झाल्याचं पत्र नानांनी पुढच्या आठवड्यात टाइप करायला त्यांनाच दिलं. मला वेगळी शिक्षा नव्हती, फक्त बदली झाली: ज्यांच्या पत्त्यात पिनच नाही अशा शेतकऱ्यांना फोन करून पिन मिळवायचा, आणि तो ताईंना द्यायचा. माझी खुर्ची त्यांच्या टेबलापुढे आली. पहिल्याच फोनवर धुळे जिल्ह्यातले, शिंदखेड्याकडचे एक आबा भेटले. पिन म्हटल्यावर ते विचारात पडले, आणि मी सवयीने म्हणालो, "आबा, तुमचा ४२४ असणार बघा..."

ताईंनी मान वर न करता हात पुढे केला आणि फोनचं तोंड झाकलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "पिन विचारायचा. सांगायचा नाही."