दारात न येणारं व्याज

रुक्मामावशीचं डोकं कधीकधी फोडावंसं वाटतं. वारंगा फाट्यावर तिचं खिचडीचं हॉटेल. ट्रकवाल्यांची उधारी ती तोंडपाठ ठेवते आणि चार दिवस झाले की रस्त्यात अडवून वसूल करते. मी विमा एजंट, तिची पॉलिसी मीच काढलेली. पुढच्या वर्षी पॉलिसी पिकणार, म्हणजे मुदत संपून रक्कम मिळणार, आणि ते पैसे तिच्या लेकीच्या, दिपाच्या, नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेले.

तीन वर्षांपूर्वी हॉटेलावर पत्रे टाकायला तिने या पॉलिसीवर कर्ज घेतलं. सरेंडर व्हॅल्यूच्या, म्हणजे पॉलिसी तेव्हाच मोडली असती तर जे मिळालं असतं त्याच्या, नव्वद टक्के मिळतात. तिला साठ हजार मिळाले. व्याज साडेनऊ टक्के, दर सहा महिन्यांनी. मुद्दल सवडीने फेडा, पण व्याज भरत जा, हे मी तिला दर खेपेला सांगितलं. ती मान हलवायची आणि माझ्या ताटात खिचडी वाढायची.

परवा ती साठ हजार पदराला बांधून विमा ऑफिसात आली. म्हणाली, कर्ज मिटवा, गहाण ठेवलेला पॉलिसीचा कागद द्या. काउंटरवरच्या सोमेश्वरने स्टेटमेंट काढून दिलं. बाकी एकोणऐंशी हजार दोनशे चौसष्ट. न भरलेलं व्याज दर सहामाहीला कर्जात मिळवलेलं आणि त्यावर पुन्हा व्याज. वर हेही, की भरलेले पैसे आधी व्याजात जमा होणार. म्हणजे तिच्या साठातले एकोणीस हजार दोनशे चौसष्ट व्याजात गेले, उरलेले मुद्दलात, आणि तेवढेच एकोणीस हजार अजून डोक्यावर. कागद काही मिळाला नाही. उरलेलं फेडलं नाही तर पॉलिसी पिकताना ते व्याजासकट कापून घेतील, असं सोमेश्वरने शांतपणे सांगितलं.

मावशी बाहेर पायरीवर बसली. माझा संताप अनावर झाला होता. सहामाहीचे अठ्ठावीसशे पन्नास हिला जड नव्हते! मी विचारलं, का नाही भरलेस?

"कोणी मागाया आलंच न्हाई," ती म्हणाली. "तीन वर्षांत कोणी दारात उभं राहिलं न्हाई. मला वाटलं, गोड माणसं हायत. सावकार असता तर पहिल्याच महिन्यात शिव्या घालत आला असता."

मग तिने डोळे पुसले आणि माझा हात घट्ट धरला.

"संध्ये, उरलेलं फिटस्तोवर दर महिन्याला तू ये. खिचडी खायला नगं. दारात उभी राहा, चार गिऱ्हाइकांदेखत माग, आन् पैसे दिल्याबिगर हालू नको."

मी व्हय म्हणाले. दिपाच्या फीसाठी आता मला सावकार व्हावं लागणार आहे.