खालच्या बाजूचा उंचवटा

लवळ्याच्या टेकडीवरच्या कॉलेजात मी प्रयोगशाळा सांभाळते. माझा सगळ्यात लाडका प्रयोग केबलच्या भेंडोळ्याचा. एका टोकातून विजेची छोटी पल्स सोडायची आणि दुसऱ्या टोकाला काय जोडलंय त्यावर ती परत कशी येते ते ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर बघायचं. टोक मोकळं असेल तर पल्स तशीच सरळ परतते. टोक शॉर्ट केलं तर उलटी होऊन येते. केबलच्या स्वभावाला जुळणारा रेझिस्टर लावला, तर तो तिला पूर्ण गिळून टाकतो, परत काहीच येत नाही. इतका सरळ हिशोब माणसांत कुठे सापडतो!

घोटावड्याची एक मुलगी या विषयात एकदा नापास झाली होती. हिंजवडीतली नोकरी ठरली होती, पण हे प्रॅक्टिकल सुटलं तरच. परीक्षेत तिने पहिल्या दोन आकृत्या बरोबर काढल्या. तिसरीत, आमच्या केबलला जुळणारा पन्नास ओहमचा रेझिस्टर लावल्यावर, तिने खालच्या बाजूला एक बारीक उंचवटा काढला. बाकी सगळ्या वर्गाने तिथे सरळ रेघ ओढली होती, कारण छापील पुस्तिकेत सरळ रेघ आहे. आमची पोरं पडद्याकडे कमी आणि पुस्तिकेकडे जास्त बघतात.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "जुळणारा रेझिस्टर आहे. इथे काही दिसता कामा नये."

"दिसतंय ना पण, सर," ती म्हणाली.

त्यांनी आकृतीवर फुली मारली. माझं डोकं सणकलं. मी पडद्याजवळ गेले, तर उंचवटा खरंच होता, लहान आणि उलटा. म्हणजे रेझिस्टर केबलपेक्षा कमी पडत होता, थोडासा शॉर्टच्या बाजूला. मी तो काढून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर लावला आणि हळूहळू वाढवत नेला. उंचवटा बारीक होत गेला आणि एका जागी नाहीसा झाला. मीटरवर मोजलं तर पंचाहत्तर. परीक्षकांनी स्वतः वाकून केबलवरची छपाई वाचली. सुट्टीत स्टोअरने जुन्या पन्नासच्या भेंडोळ्याऐवजी टीव्हीची पंचाहत्तरची केबल दिली होती आणि आम्हां कुणाला पत्ता नव्हता.

परीक्षकांनी फुली खोडली, पूर्ण गुण दिले आणि बाकीच्या सगळ्यांना तिसरी आकृती पडद्यावर बघून पुन्हा काढायला आत बोलावलं. कॉरिडॉरमध्ये तिच्या नावाने जो शंख झाला, तो मला अजून ऐकू येतो.

फुली बसली तेव्हा न रडलेली ती आता रडायला लागली. मी म्हटलं, "अगं, पास झालीस की!"

"मॅडम, मला वाटलं, माझंच चुकलंय. दोनदा पुसाया घेतलं," ती म्हणाली. "पर ते तितं व्हतं वो. कसं पुसू?"

मी तिला जवळ घेतलं. आतली पोरं आमच्याकडे बघत होती, पडद्याकडे नाही.