फोटोतली बाई फोटोतच राहू दे

कोणाचा फोटो समोर आला की ताई तो चहा संपेपर्यंत निरखून बघायच्या. मग टेबलावर पालथा घालायच्या आणि वर आपला जेवणाचा डबा ठेवायच्या. "बस. बघून झालं," म्हणायच्या. तो फोटो पुन्हा उलटायची कोणाची छाती नव्हती, अगदी स्टुडिओच्या मालकाचीही नाही.

कोलकात्यात, एस्प्लनेडच्या एका जुन्या इमारतीत आमचा चित्रकथांचा स्टुडिओ होता. मी गोष्टी लिहायचो, ताई चित्रं काढायच्या. बाकी सगळे बंगाली नाहीतर हिंदी बोलणारे, त्यामुळे आम्हा दोघांना मराठीत मनसोक्त भांडता यायचं. ताईंचे यजमान रेल्वेत होते आणि बिऱ्हाड गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये. मला त्या कधी नावाने हाक मारत नसत. "अहो लेखक," म्हणायच्या, आणि त्यात कौतुकापेक्षा उलटतपासणीच जास्त असायची.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी एरवी अतिशय मऊ असतात आणि एका जागी दगड. ताईंची ती जागा म्हणजे दुसऱ्याचा चेहरा. मराठी मंडळाच्या गणपतीत एका वहिनींनी त्यांना गळ घातली, "मला घ्या ना तुमच्या गोष्टीत." ताई म्हणाल्या, "घेते. पण तुम्ही स्वतःला ओळखलंत तर माझं चुकलं." वहिनी दिवाळीपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत. ताईंना त्याचं काहीच वाटलं नाही.

त्या वर्षी मी एक चित्रकादंबरी लिहिली. गोदीच्या दाराशी चहाचं दुकान चालवणारी बाई चुलीमागे चोरट्या मालाची पुडकी लपवते, अशी गोष्ट. मालकाने एका छायाचित्रकाराकडून खिदिरपूरच्या गोदीवरल्या खऱ्या चहावालीचा फोटो विकत आणला. काय फोटो होता. खलाशी, हमाल, ट्रकवाले यांच्या गराड्यात एकटी बाई, एक पाय उलट्या खोक्यावर, डाव्या हातात किटली उंच धरलेली, हनुवटी वर.

"फोटोवाले ने इजाज़त दी है," मालक म्हणाला.

"औरत ने दी है?" ताईंनी विचारलं.

मालक खिडकीबाहेर बघू लागला. ताईंनी फोटोवर डबा ठेवला आणि कामाला लागल्या. फोटोवरून गिरवायचं नाही, आठवणीतून काढायचं, हा त्यांचा नियम. आठवण आपोआप बरंच पुसते, मग उरलेलं आपण बदलायचं. त्यांनी बाईचं वय वाढवलं, नाक बसकं केलं, केस पिकवले, हातावरचं गोंदण काढून टाकलं. एखाद्या गोंदणावरून अख्खा मोहल्ला माणूस ओळखतो, असं त्या म्हणायच्या. मला तर ती पानं बघून आनंदाने ओरडावंसं वाटलं.

मग सलीमभाई आले. मूळ पानं स्कॅनिंगला नेण्याचं काम त्यांचं, आणि ते राहायचे खिदिरपूरला. ताईंनी मुद्दामच काही न सांगता पानं त्यांच्यापुढे ठेवली. ही त्यांची शेवटची परीक्षा असे.

सलीमभाईंनी दुसरं पान उलटलं आणि हसले. "अरे, ये तो अपनी भाभी है, गोदी गेट वाली।" आणखी दोन पानं बघितल्यावर हसू गेलं. हळू आवाजात म्हणाले, "भाभी ने ये धंधा कब से शुरू किया?"

मी म्हणालो, नाक वेगळं आहे, वय वेगळं आहे, तुम्ही ओळखलं कसं? त्यांनी खोक्यावरच्या पायावर बोट ठेवलं. "ऐसे और कौन खड़ा होता है?"

ताईंचा चेहरा उतरला. चेहरा बदलला होता, पण उभं राहणं तसंच ठेवलं होतं, कारण फोटोत तेच सगळ्यात सुंदर होतं. वर दुकान तेच, जागा तीच, आणि त्यावर माझ्या डोक्यातली चोरी. उद्या हे पुस्तक खिदिरपुरात फिरलं तर त्या बाईच्या दुकानावर पोलीस येणार, गिऱ्हाईक कुजबुजणार. तिच्याकडे अब्रूखेरीज होतं काय?

मालक मात्र खूश. "दीदी, लोग पहचान रहे हैं, मतलब किरदार ज़िंदा है।"

"औरत ज़िंदा है, इसलिए," ताई म्हणाल्या.

मालकाने तोड काढली, की पहिल्या पानावर छापू, सर्व पात्रं काल्पनिक आहेत. ताई म्हणाल्या, "वो लाइन चाय पीने वालों को कौन पढ़कर सुनाएगा? आप?" मालकाचा पारा चढला. छापखाना थांबलाय, पानं आत्ताच्या आत्ता सलीमभाईंच्या हातात द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका.

ताईंनी वाद घातला नाही. जाड ब्रश काळ्या शाईत बुडवला आणि प्रत्येक पानावरच्या त्या बाईवरून शांतपणे फिरवला. महिन्यांचं काम होतं ते. मालक हात धरायला पुढे आला, तेव्हा मी मध्ये उभा राहिलो. मी आयुष्यात फारसं शौर्य गाजवलेलं नाही, पण त्या दिवशी हललो नाही. ब्रश धुऊन ताई म्हणाल्या, "अब नई बनाऊँगी। निकालना है तो निकालिए।" त्यांच्याशिवाय पुस्तक होणार नव्हतं. मालक पाय आपटत आत गेला.

मग माझी पाळी आली. "अहो लेखक, या बाईला काय हवंय?"

"माल सापडू नये, हे."

"ते तुमच्या गोष्टीला हवंय. तिला काय हवंय?"

सगळी दुपार भांडलो. फोटोतून आता एकच गोष्ट घ्यायची असं ठरलं, एक प्रश्न: इतक्या पुरुषांत एकटी बाई आपली जागा कशी राखते? फोटोतली बाई छाती काढून राखत होती. आमची कशी राखेल? ताई म्हणाल्या, "कोणाच्या नजरेत न येऊन." आणि तिथून सगळंच फिरलं. नजरेत येऊ न पाहणारी बाई खोक्यावर पाय कशाला ठेवेल? ती रस्त्याकडे पाठ करून बसेल, उंच असून वाकून चालेल. चहाचं दुकान गेलं, छत्री दुरुस्तीचं आलं, गोदीपासून लांब, ट्रामच्या रस्त्यावर. पुडकी मिटलेल्या छत्र्यांत गेली. तिला या शहरातून गुपचूप निघून जायचं होतं. हे सगळं ठरल्यावर ताईंनी अगदी शेवटी चेहरा काढला. मी निम्मी गोष्ट पुन्हा लिहिली आणि कुरकुर केली नाही.

सलीमभाईंनी नवी पानं सावकाश बघितली. "ये किसको बनाया? अपनी तरफ़ की तो नहीं है।" ताईंनी त्यांना आपल्या डब्यातली थालीपीठं खायला घातली.

पुस्तक छापून आलं तेव्हा ताई कोलकात्यात नव्हत्या. यजमानांची बदली झाली आणि त्या बिलासपूरला गेल्या. त्यांच्या टेबलाशी आता संगणक शिकलेला एक हुशार माणूस बसतो. फोटो समोर उभा ठेवून काम करतो, आणि मला रोज त्याच्याशी भांडावं लागतं. भांडतो.

एकदा प्रत पिशवीत टाकून खिदिरपूरला गेलो. गोदीच्या दाराशी चहा घेतला आणि पुस्तक उघडून बसलो. फोटोतल्या त्याच दुकानवालीने गोंदलेले हात पदराला पुसले आणि, "दिखाइए तो," म्हणून ते ओढूनच घेतलं. चित्रं बघत बघत शेवटच्या पानापर्यंत गेली. गिऱ्हाईक खोळंबलं, तिने लक्ष दिलं नाही.

"बहुत डरती है बेचारी," ती म्हणाली. "मैं होती तो सामने खड़ी रहती। कौन है ये?"

"कोई नहीं," मी म्हणालो. तिचा तो प्रश्न ऐकायला ताई तिथे हव्या होत्या.