गणपूर्ती, काळी जमीन आणि माझी संमती

आमची मुलगी भिक्षुणी होणार, हे मला तिच्या आईकडून कळले, आणि तेही मेथी निवडता निवडता. पूर्वसूचना नाही, म्हणणे मांडण्याची संधी नाही, निर्णय मात्र अंतिम. माझी सारी नोकरी न्यायालयाच्या कार्यालयात गेली. एकतर्फी आदेश म्हणजे काय, हे मला कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

मुलगी चाळिशी ओलांडलेली, उमरग्यात सरकारी परिचारिका. लग्न तिने केले नाही. हायवेवरच्या अपघातांतली माणसे रात्री-अपरात्री शिवायची आणि सकाळी विहारात जाऊन ध्यानाला बसायचे, असा तिचा अनेक वर्षांचा क्रम. तरीही मी नकार देणार होतो. नकाराची कारणे मनात क्रमवार लावूनही झाली होती.

"अवो, आधी भंतेंना तर भेटा," पत्नी म्हणाली. "भांडायचंच हाय तर मोठ्या माणसाशी भांडा. माझ्या मेथीशी कशाला?"

पौर्णिमेला आम्ही तिघे विहारात गेलो. भंते शांत आणि विद्वान. दीक्षा आणि शिक्षण दोन्ही सिंहलद्वीपातली, म्हणजे श्रीलंकेतली. त्यांनी मुलीचे सगळे ऐकून घेतले आणि सौम्यपणे सांगितले, "ताई, थेरवादात भिक्षुणींची परंपरा हजारेक वर्षांपूर्वी खंडित झाली. नवी भिक्षुणी करायला आधीच्या भिक्षुणी लागतात. त्याच नसतील तर उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा, देणार कोण? तुम्ही दहा शीलं घ्या, विहारात राहा. पुण्याईत काही कमी पडणार नाही."

मुलीचा चेहरा उतरलेला मी पाहिला आणि माझे डोके फिरले. नकार देण्याचा अधिकार माझा होता. तो दुसऱ्या कुणी परस्पर बजावावा, हे मला मान्य नव्हते. घरी येताच मी भंतेंना सविनय हरकतपत्र लिहायला घेतले. कोणत्या नियमान्वये, हा त्यातला पहिला प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी शेजारी चहाला आले. ते ऊस आणि तुरीचे शेतकरी, तुळजापूरची वारी न चुकवणारे. माझे प्रत्येक पत्र टपालात पडण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवण्याचा आमचा रिवाज आहे.

"साहेब, तुमच्यात बी असलं पंथाबिंथाचं असतंय व्हय?" ते म्हणाले. "मला वाटलं, बुद्ध म्हंजी एकच कारभार."

मी त्यांना पहिल्यापासून सांगितले. थेर म्हणजे ज्येष्ठ भिक्षू. परिनिर्वाणापूर्वी बुद्धांनी सांगून ठेवले होते की, संघाला वाटल्यास किरकोळ नियम रद्द करावेत. पण किरकोळ कोणते, हे विचारायचे त्यांचा सेवक भिक्षू विसरला. मग पहिल्या संगीतीत, म्हणजे धम्मसभेत, ज्येष्ठांनी ठरवले, की वाद नको. एकही नियम काढायचा नाही, एकही नवा घालायचा नाही. थेरवाद स्वतःला या ज्येष्ठांचा वारस मानतो. ग्रंथ पाली; देश सिंहलद्वीप, ब्रह्मदेश, थायलंड. भिक्षू दुपारी बारानंतर जेवत नाहीत. ध्येय अर्हत होण्याचे, म्हणजे तृष्णा समूळ विझवून जन्ममरणातून सुटण्याचे.

"आन् दुसरे?"

"दुसरे महायान. चीन, कोरिया, जपान, व्हिएतनाम. त्यांचे म्हणणे, एकट्याने सुटण्यापेक्षा सर्व प्राण्यांना सोडवण्यासाठी बुद्धत्वाचीच प्रतिज्ञा करावी. अशी प्रतिज्ञा करणारा तो बोधिसत्त्व. त्यांच्या लेखी बुद्धही अनेक आणि बोधिसत्त्वही अनेक. त्यांच्यातच कुणी अमिताभ बुद्धाचे नाव घेऊन त्याच्या सुखावती लोकात जन्म मागतात, तर कुणी सारी भिस्त ध्यानावर ठेवतात. तिबेटचे वज्रयानी महायानाचेच ध्येय धरतात, पण वाट मंत्रांची, आणि तीही गुरूने विधिपूर्वक दीक्षा दिल्यावरच."

"म्हंजी थेरवाल्यांची जीप, आन् ह्यांचा ट्रक."

"जीप म्हणू नका," मी तापलो. "हीनयान, म्हणजे हलकी गाडी, हे नाव दुसऱ्या बाजूने चिकटवलेले आहे. प्रतिपक्षाने ठेवलेल्या नावाने पक्षकाराची नोंद होत नाही. आणि थेरवादात करुणा नाही असेही नाही. बोधिसत्त्व त्यांनाही ठाऊक आहे. ती वाट सर्वांसाठी आहे असे मात्र ते म्हणत नाहीत."

"बरं, न्हाय म्हणत. आन् तुमी सोता कशात बसता?"

हा प्रश्न रास्त होता. आमच्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला तो बावीस प्रतिज्ञांसह. आमच्या घरात धम्माचा अर्थ माणसाने माणसाशी बरोबरीने वागणे हा आधी, आणि निर्वाण नंतर. त्याला नवयान म्हणतात. वंदना पालीतून, भंते बहुधा थेरवादी, पण मान खाली घालून ऐकण्याची सवय आम्हांला कुणी लावली नाही. शेजाऱ्यांनी मान डोलावली. ती सवय मला नाही, हे त्यांना सांगावे लागत नाही.

पत्राचे उत्तर म्हणून भंते स्वतःच आले. पत्नीने ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी केली, आणि बाराच्या आत भोजनदान उरकले. भंतेंनी झोळीतून विनयाचे, म्हणजे संघाच्या नियमग्रंथाचे, भाषांतर काढून माझ्यापुढे ठेवले. "उपासक, नियम विचारलेत ना? सगळे यात आहेत. माझं चुकत असेल तर दाखवा. मला आनंदच होईल."

मी वाचू लागलो आणि, खरे सांगतो, इतका आनंद मला निवृत्तीनंतर झाला नव्हता. मला वाटले होते, उपदेश असेल, निघाले निवाडे. प्रत्येक नियमामागे एक घडलेले प्रकरण. कुणी भिक्षू काही तरी करतो, लोक कुरकुरतात, तक्रार बुद्धांपर्यंत जाते, चौकशी होते, भिक्षू कबूल करतो आणि मग नियम होतो. पुढे अडचण आली की दुरुस्ती. म्हणजे तक्रार करणारा माणूस धम्माला जड होत नाही; अर्धा विनय त्याच्यामुळेच उभा आहे. हे मी पत्नीला मोठ्याने वाचून दाखवले.

"झालं," ती म्हणाली. "आता तर देवाचीच परवानगी मिळाली."

"बुद्ध देव नाहीत," मी म्हणालो.

"ठावं हाय. तुमीच तेवढं समजता सोताला."

मुद्दे सापडत गेले. बुद्धांनी प्रथम भिक्षूंना अनुज्ञा दिली, की त्यांनी भिक्षुणींना उपसंपदा द्यावी. पुढे पद्धत बदलली: आधी भिक्षुणीसंघ, मग भिक्षुसंघ, असे दोन टप्पे झाले. पण पहिली अनुज्ञा रद्द केल्याचा आदेश कुठेही नाही. भिक्षूंची जुनी, केवळ त्रिशरणाची उपसंपदा मात्र त्यांनी स्पष्ट शब्दांत रद्द केली होती. जिथे रद्द करायचे होते तिथे केले. जिथे केले नाही तिथे जुनी अनुज्ञा जिवंत आहे.

भंते पुन्हा घरी आले तेव्हा हे ऐकून म्हणाले, "असं मानणारे थेर आहेत. न मानणारे त्याहून जास्त. ब्रह्मदेशात आणि थायलंडात संघाची मान्यता नाही. आमच्या सिंहली संघातही एकमत नाही."

"आणि चीनच्या भिक्षुणी? त्यांची परंपरा अखंड आहे."

"ती महायानाची."

हीच शंका शेजाऱ्यांनीही काढली होती. "एका फडाची मोळी दुसऱ्याच कारखान्याच्या काट्यावर चालंल का, साहेब?" त्यांना दिलेले उत्तर मी भंतेंनाही दिले. महायान हे ध्येयाचे नाव आहे. उपसंपदा त्या नावाने होत नाही, विनयाने होते. चीनच्या भिक्षुणी धर्मगुप्तक या प्राचीन संप्रदायाचा विनय पाळतात, आणि तोही थेरवादी विनयाचाच सख्खा भाऊ. गाडी कुठे निघाली, हा प्रश्न वेगळा. तिची नोंदणी कोणत्या कायद्याखाली झाली, हा वेगळा. शिवाय चीनला दोन्ही संघांची रीतसर उपसंपदा पोहोचली, ती समुद्र ओलांडून गेलेल्या सिंहली भिक्षुणींमुळे. जी ठेव तुमच्याच घरून गेली, ती परत घेताना परकी कशी?

भंते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "गणपूर्ती? दहा जण हवेत."

इथे मी पुस्तकातली खूण उघडली. मध्यदेशात, म्हणजे गंगेकाठच्या मुलखात, दहा. पण अवंती-दक्षिणापथातल्या एका स्थविराला दहा भिक्षू जमवायला तीन वर्षे लागली. त्याने शिष्याला बुद्धांकडे पाठवून पाच मागण्या कळवल्या. त्याने सांगितले, आमच्याकडची जमीन काळी, खरखरीत, गुरांच्या खुरांनी उखणलेली. जाड तळाची पादत्राणे वापरू द्या. बुद्धांनी मध्यदेशाच्या सीमेबाहेरच्या सर्व प्रदेशांसाठी ती दिली. गणपूर्तीही तिथे पाचांवर आणली. अट एवढीच, की त्यांत एक विनय जाणणारा हवा. मी भंतेंना खिडकीतून शेजाऱ्यांचे रान दाखवले. नांगरट झालेली होती. काळ्या जमिनीचा याहून वेगळा पुरावा कोणत्याही न्यायासनाने मागितला नसता.

"उपासक," भंते उठत म्हणाले, "मी स्वतः त्या पाचांत बसेन की नाही, ते आज सांगत नाही. पण विदर्भात एक थेरी आहेत. त्यांची उपसंपदा दोन्ही संघांकडून झाली आहे. त्यांना माझं नाव सांगा."

थेरी आमच्या घरी आल्या त्या मुलीला पाहायला. वयाने पत्नीएवढ्या, आवाज खणखणीत. त्यांनी नियम सांगितले: आधी श्रामणेरी, म्हणजे नवदीक्षित, मग दोन वर्षे सहा शीलांचे कडक शिक्षण, मगच उपसंपदा. त्या वेळी संघ विचारेल, कर्ज नाही ना? राजाच्या नोकरीत नाहीस ना? सरकारी परिचारिका म्हणजे राजाचीच नोकरी, हे माझ्या आधीच लक्षात आले होते. राजीनाम्याचा मसुदा तयार होता. पुढचा प्रश्न होता, आईवडिलांची अनुज्ञा आहे ना?

मी पाकीट पुढे केले. संमतीपत्र मुद्रांकावर, साक्षीदारांच्या सह्यांसह.

थेरींनी ते उघडलेही नाही. "कागद लागत नाही. तिला तोंडानं विचारतील, ती तोंडानं सांगेल. तिला खरं बोलता यावं, एवढं बघा. आई?"

"मी तर मेथी निवडतानाच हो म्हणले," पत्नी म्हणाली.

मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. कागदावर मला नेहमी सवड असे. अटी घालता येत, एखादा परंतुक जोडता येई. बोलण्यात तशी जागा नव्हती. तेव्हा कुठे मला जाणवले, की इतके महिने मी तिच्या वतीने सर्वांशी भांडलो, पण तिला स्वतः हो असे म्हटलेच नव्हते. आणि नाही म्हणण्याची माझी सगळी कारणे मीच एकेक करून खोडून टाकली होती.

"आप्पा," ती म्हणाली, "तुम्हाला नको वाटत असंल तर नको म्हणा. मी रागावणार न्हाई."

"जा," मी म्हणालो. एका शब्दात आदेश पुरा होत नाही, म्हणून पुन्हा म्हणालो, "माझी अनुज्ञा आहे. विनाअट."

ती गेली त्या आठवड्यात शेजारी आले. "साहेब, जिंकला की. आता भांडायचं कुणाशी?"

मी त्यांना नवा मसुदा वाचून दाखवला. उपसंपदेला शंभर वर्षे झालेल्या भिक्षुणीनेही आजच भिक्षू झालेल्या पोराला वंदन करावे, असा एक नियम विनयात आहे. माझ्या मते तो किरकोळांत मोडतो. पत्र भंतेंच्या नावे आहे. ते पुन्हा येतील, आणि पत्नीने आमटीची तयारी बाराच्या आत करायची हे आतापासूनच ठरवून ठेवले आहे.